मदत हवी आहे: अंधेरी पूर्वेला दोन महिन्यांची इंटर्नशिप, खोली कुठे आणि कशी घेऊ?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. मी लातूरची. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपतंय आणि 8 जून (सोमवार) ते 31 जुलै (शुक्रवार) अशी मुंबईत इंटर्नशिप मिळाली आहे. ऑफिस अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत, मेट्रो 3 च्या एमआयडीसी-अंधेरी स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर. वेळ साडेदहा ते साडेसात. विद्यावेतन महिना 18,000. मुंबईत याआधी राहिलेली नाही.

माझ्यासमोर चार पर्याय आहेत. (1) डोंबिवलीला मावशीकडे, भाडं नाही. (2) मरोळला मुलींचं पीजी, एका खोलीत तिघी, 11,500, एक महिन्याचं डिपॉझिट. (3) घाटकोपर पश्चिमेला पीजी, दोघी, 10,000, दोन महिन्यांचं डिपॉझिट. (4) पवईत स्वतंत्र खोली फक्त 7,000 ला. याचे मालक परदेशात आहेत, आधी 2,000 टोकन भरलं की सोसायटीचा गेटपास पाठवतो म्हणतात.

घरचे डोंबिवली म्हणतायत, मी गोंधळले आहे. प्रवासाचा पास, पावसाळा आणि रात्री परत येणं याबद्दलही सांगा.

चेंबूरकाका

अगं, मावशी असताना पैसे कशाला घालवतेस? घरचं जेवण, घरचं माणूस. डोंबिवली ते घाटकोपर ट्रेन, पुढे मेट्रो. विद्यार्थिनी आहेस, कॉलेजकडून सवलतीचा फॉर्म आण आणि तीन महिन्यांचा पास काढून टाक, तो महिन्याच्या पासापेक्षा स्वस्त पडतो. आणि ते पवईचं 7,000 वालं पण बघून ये, मिळाली तर लॉटरीच.

पायवाट

काका, पवईच्या जाहिरातीकडे वळूनही बघू नये. खोली न दाखवता टोकन, परदेशातला मालक, गेटपाससाठी पैसे, बाजारापेक्षा अर्धं भाडं, या चारही खुणा एकाच फसवणुकीच्या आहेत. टोकन गेलं की पुढचं पाऊल ठरलेलं असतं: "तुमचे पैसे परत पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका." पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. मांजराकाठ, त्या माणसाला आधार कार्डाचा फोटो पाठवला असशील तर आधारच्या अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करून टाक. पैसे भरले असतील तर उशीर न करता 1930 वर फोन कर.

आता उरलेल्या तीन पर्यायांबद्दल. भाड्याचा आकडा आपण सगळे बघतो, पण दोन महिन्यांच्या माणसाचा तोटा होतो तो नोटीस आणि लॉक-इनमध्ये. मुंबईतल्या बहुतेक पीजींचे नियम सहा महिने, वर्षभर राहणाऱ्यांसाठी केलेले असतात. नोटीस एक महिन्याची, लॉक-इन तीन महिन्यांचं, आणि मध्येच सोडलं तर डिपॉझिट जप्त. फोनवर सगळे "हो हो, दोन महिने चालेल" म्हणतात. ते चालतं खरं, पण डिपॉझिट सोडून.

तुझ्याच तारखा घेऊन बघ. मरोळच्या पीजीत 11,500 भाडं आहे आणि तू 7 जूनला, रविवारी सामान टाकणार असं धरू. मालकाचा महिना प्रवेशाच्या तारखेपासून मोजला जात असेल तर पहिला महिना 6 जुलैपर्यंत आणि दुसरा 6 ऑगस्टपर्यंत. 31 जुलैला निघालीस तरी पूर्ण दोन महिन्यांचे 23,000 द्यायचे. तेच मालक 1 तारखेपासूनचा महिना धरून जूनचे फक्त राहिलेले दिवस आकारत असेल, तर 24 दिवसांचे 9,200 आणि जुलैचे 11,500, मिळून 20,700. फरक 2,300 चा, फक्त एका प्रश्नाने. तिसराही प्रकार आहे: महिना 1 तारखेपासून, पण 7 जूनला आलीस तरी जूनचं भाडं पूर्ण. म्हणून "महिना कसा धरता" हे आधी विचार.

नोटिशीचंही तसंच. महिना 1 तारखेचा असेल तर 31 जुलैला सोडायचं म्हणून 30 जूनच्या आत लेखी कळवावं लागेल. ते 5 जुलैला आठवलं तर ऑगस्टचं भाडं अंगावर येऊ शकतं. त्यावर सोपा मार्ग म्हणजे जाण्याची तारीख येतानाच लेखी देऊन ठेवणे. टोकन भरायच्या आधी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर असा मजकूर टाक आणि "ओके" हे उत्तर येईपर्यंत पैसे पाठवू नकोस:

"मी 7 जूनला येणार आणि 31 जुलैला खोली सोडणार. हाच मेसेज माझी नोटीस समजावी, वेगळी नोटीस लागणार नाही. लॉक-इन नाही. जूनचं भाडं 24 दिवसांचं. डिपॉझिट 11,500, त्यातून फक्त थकलेलं वीजबिल आणि मोडतोड वजा होईल, बाकी रक्कम 31 जुलैलाच परत. वीज, पाणी, वायफाय भाड्यात आहे की वेगळं, ते कृपया लिहावं."

शेवटच्या वाक्याचं उत्तर नीट वाच. एसी असेल तर बऱ्याच ठिकाणी त्याचा वेगळा मीटर असतो आणि बिल खोलीतल्या मुलींत वाटलं जातं. "डिपॉझिट नंतर खात्यात टाकू" हे शक्यतो मान्य करू नये, कारण तू लातूरला परतल्यावर तुझ्या हातात फोन करण्यापलीकडे काही उरत नाही. काही मालक शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्यायला तयार होतात. दोन महिन्यांच्या मुक्कामाला मला हीच पद्धत सगळ्यात सुरक्षित वाटते, विचारून बघ.

स्लो_लोकल

काकांच्या पासाबद्दलच्या दोन्ही गोष्टी इथे लागू पडत नाहीत. विद्यार्थ्यांची सवलत राहतं घर ते शिक्षणसंस्था या मार्गासाठी असते. लातूरचं कॉलेज डोंबिवली-घाटकोपरचा फॉर्म देणार नाही आणि दिला तरी खिडकीवर अडवतील. तीन महिन्यांचा पास महिन्याच्या पासाच्या 2.7 पट पडतो, म्हणजे तीन महिने प्रवास असेल तरच फायदा. दोन महिन्यांसाठी मासिक पास दोनदा काढायचा.

पण मुळात डोंबिवलीचा प्रश्न पैशाचा नाहीच. सकाळच्या वेळी डोंबिवलीला येणाऱ्या फास्ट गाड्या कल्याण, कसारा, कर्जतकडूनच भरून येतात. नवख्या माणसाला दारात पाय ठेवायला जागा मिळणं कठीण, लेडीज डब्यातही. तिथूनच सुटणारी डोंबिवली लोकल धरली तर चढता येतं, पण तिच्या वेळेला स्वतःला बांधून घ्यावं लागतं. घरून स्टेशन पंधरा-वीस मिनिटं, ट्रेन पाऊण तास, घाटकोपरचा पूल आणि मेट्रोची तपासणीची रांग दहा-पंधरा मिनिटं, मरोळ नाक्यापर्यंत मेट्रो 1, तिथे खाली उतरून मेट्रो 3, एक स्थानक, मग चालणं. पावणेदोन तास धरा. येताना साडेसातला सुटल्यावर घरी सव्वानऊ ते साडेनऊ. असे रोज साडेतीन तास, तेही जून-जुलैत.

घाटकोपरहून मात्र हिशेब चांगला बसतो. मेट्रो 1 तिथूनच सुटते, त्यामुळे सकाळी एक-दोन गाड्या सोडल्या तर बसायलाही मिळतं. सध्याच्या दराने घाटकोपर ते मरोळ नाका साधारण 20 आणि पुढे मेट्रो 3 चे 10, म्हणजे जाऊन-येऊन 60. महिन्याला 24 दिवस धरले तर 1,440. दहा हजार भाड्यात हे मिळवलं की 11,440. मरोळच्या 11,500 शी जवळजवळ बरोबरी झाली.

पायवाट

आणि घाटकोपरचं डिपॉझिट दोन महिन्यांचं, 20,000. दोन महिन्यांच्या मुक्कामाला दोन महिन्यांचं डिपॉझिट म्हणजे पैसे अडकण्याची जोखीम राहण्याच्या खर्चाएवढीच. एका महिन्यावर आणायचा प्रयत्न करावा, नाही आले तर मरोळ.

हिंजवडीचे_बाबा

माझ्या मुलाला जुलैपासून पुण्यात हिंजवडीला नोकरी आहे. वन बीएचके भाड्याने घ्यायचा तर अकरा महिन्यांचा करार रजिस्टर करावा लागतो का? ब्रोकर म्हणतो नोटरी पुरे.

पायवाट

दादा, हा धागा दोन महिन्यांच्या खोलीचा आहे, पण थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. नोटरी पुरत नाही. ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, तिथे पुण्याची मंडळी नीट सांगतील.

मांजराकाठ, यावरून एक सांगायचं राहिलं: ब्रोकरकडून फ्लॅट किंवा फ्लॅटमधली खोली शोधूच नकोस. दलाली साधारण एक महिन्याच्या भाड्याएवढी असते, आणि ती अकरा महिन्यांवर पसरली तर परवडते, दोनवर नाही.

मांजराकाठ

खूप आभार सगळ्यांचे. पवईच्या माणसाला पैसे दिले नव्हते, पण आधारचा फोटो पाठवला होता. बायोमेट्रिक लॉक केलं. मरोळ आणि घाटकोपर दोन्हीकडे तो मेसेज पाठवते.

दोन शंका. मी प्रत्यक्ष बघायला येऊ शकत नाही, डोंबिवलीची मावसबहीण जाऊन येईल. तिने काय बघायचं? आणि साडेसात म्हणतात, पण प्रोजेक्टच्या शेवटी नऊ-साडेनऊ वाजू शकतात असं सीनियर म्हणाली. तेव्हा काय करायचं?

पायवाट

बहिणीला संध्याकाळी सात-आठच्या सुमारास पाठव. दिवसा प्रत्येक गल्ली बरी दिसते. मेट्रो स्थानकापासून पीजीपर्यंत तिने चालत जावं आणि वाटेत दुकानं किती वेळ उघडी असतात, दिवे आहेत का, कुठला तुकडा निर्मनुष्य आहे, हे बघावं. शेवटचे दोनशे मीटर सगळ्यात महत्त्वाचे, कारण स्थानकापर्यंत गर्दीच असते.

आत गेल्यावर मालकिणीशी बोलण्याआधी तिथल्या एखाद्या मुलीशी बोलावं. तिला तीन गोष्टी विचाराव्यात: आधी सोडून गेलेल्या मुलीला डिपॉझिट मिळालं का, पाणी किती वाजता येतं आणि टाकीतलं संपतं का, आणि रात्री दार किती वाजता बंद होतं. या तिसऱ्या प्रश्नाचा तुझ्या नऊ-साडेनऊशी थेट संबंध आहे. काही ठिकाणी दहाला फाटक बंद होतं आणि उशीर झाला तर आधी फोन करावा लागतो. तो नियम असणं वाईट नाही, पण उशीर झाल्यावर आत घेतात की बाहेर उभं करतात ते कळलं पाहिजे. खोलीला आतून कडी, स्वतःचं कुलूप लागेल असं कपाट, खिडकीला जाळी. पावसाळा आहे, तेव्हा पलंगाजवळच्या भिंतीला हात लावून ओल बघावी. आणि वीजबिल मागावं. त्यावरचं नाव आणि पैसे घेणाऱ्याचं नाव वेगळं असेल तर त्यांचं नातं काय ते विचारावं. बरेच पीजी भाड्याच्या फ्लॅटमध्ये चालवलेले असतात आणि मूळ मालकाने काढलं तर मुलींना आठवड्याच्या नोटिशीवर जावं लागतं.

आधारची प्रत देताना त्यावर आडवं लिहायचं: "फक्त मरोळ पीजीसाठी" आणि तारीख. सोबत कॉलेजचं ओळखपत्र आणि कंपनीचं पत्र. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायचं काम मालकाचं आहे. तो ते करत नसेल तर बाकीच्या नियमांतही ढिलाई असणार असं समजायला हरकत नाही. आणि सामान टाकल्या टाकल्या खोलीचा, गादीचा, भिंतींचा, नळांचा एक व्हिडिओ काढून मालकाला पाठव. 31 जुलैला तोच कामी येईल.

चेंबूरकाका

रात्रीबद्दल मी सांगतो. नऊनंतर लेडीज डबा जनरल होतो, पुरुष चढतात. तेव्हा उशीर झाला तर ट्रेन नकोच.

स्लो_लोकल

काका, हे सगळ्या लेडीज डब्यांना लागू नाही. काही डबे चोवीस तास महिलांसाठी राखीव असतात आणि काही ठरावीक वेळेपुरते. डब्यावरच वेळ लिहिलेली असते, ती वाचून चढायचं. रात्री लेडीज डब्यात पोलीस असतो, तो ज्या डब्यात दिसेल तोच धरावा. अगदी रिकाम्या लेडीज डब्यात एकटीने बसण्यापेक्षा माणसं असलेला डबा बरा. मदतीसाठी रेल्वेचा 139, मुंबई लोहमार्ग पोलिसांचा 1512, आणि शहरात कुठेही 112 किंवा मुंबई पोलिसांचा महिलांसाठीचा 103.

पण मरोळ किंवा घाटकोपर घेतलं तर रोजच्या वाटेत लोकल येतच नाही. रविवारी मावशीकडे जाण्यापुरती.

निशिगंधा

उशिराच्या प्रश्नावर. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना त्यांच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं, आणि तेव्हा सुरक्षिततेची आणि घरापर्यंत सोडण्याची सोय कंपनीने करायची असते. रुजू होण्याआधी एचआरला साधा ईमेल कर: "साडेनऊनंतर थांबावं लागल्यास गाडीची सोय काय आहे?" उत्तर लेखी असू दे.

स्लो_लोकल

इंटर्नला ते कलम लागू होतं का? ती "कामगार" धरली जाते की विद्यार्थिनी?

निशिगंधा

पगारी इंटर्नबाबत दोन्ही बाजूंनी बोलणारे वकील भेटतात. म्हणूनच कायद्यावर न थांबता ईमेल करायला सांगतेय. एमआयडीसीतल्या बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्यांना सोडणाऱ्या गाडीत इंटर्नलाही बसवतात, फक्त यादीत नाव आधी असावं लागतं.

साडेनऊच्या आत निघालीस तर मेट्रोच बरी. मेट्रो 3 रात्री साधारण साडेदहापर्यंत असते. ऑफिस ते स्थानक ही दहा मिनिटंच नाजूक आहेत, कारण एमआयडीसीतले आतले रस्ते आठनंतर एकदम रिकामे होतात. तिथे जवळचा रस्ता न धरता रिक्षा-बसचा मोठा रस्ता धर, चार मिनिटं जास्त लागली तरी. रिक्षा केलीच तर नंबरप्लेटचा फोटो बसण्याआधी, आणि मीटर टाकायला सांग: किमान भाडं 26 रुपये, मध्यरात्री ते पहाटे पाच या वेळेत पंचवीस टक्के जास्त. आतल्या रस्त्यावर रोज एकाच वेळी एकटीने जाणं टाळ, सहकाऱ्यांची संध्याकाळची टोळी पहिल्याच आठवड्यात शोध.

मांजराकाठ

आणि पावसाचं? घरी सगळ्यांना त्याचीच काळजी आहे.

स्लो_लोकल

मरोळ किंवा घाटकोपर घ्यायचं खरं कारण पाऊसच. मध्य रेल्वे सायन, कुर्ला, माटुंगा भागात रुळांवर पाणी साचलं की मंदावते किंवा थांबते. डोंबिवलीची मुलगी तेव्हा घाटकोपरला अडकते. मेट्रो 1 पुलावरून जाते, तिला ही अडचण नाही. मेट्रो 3 भुयारी आहे. 26 मे 2025 ला आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं होतं, पण ते दक्षिणेकडचं स्थानक आणि तेव्हा तिथलं काम चालू होतं. तरी मेट्रो 3 बंद पडली असं धरून मरोळ नाक्यावरून ऑफिसपर्यंत चालत कसं जायचं ते पहिल्या रविवारी एकदा बघून ठेव. एकच स्थानकाचं अंतर आहे. दुसरं, भुयारात मोबाइलचं नेटवर्क अनेकदा जातं, त्यामुळे तिकीट खाली उतरायच्या आधी काढायचं आणि घरी "निघाले" हा मेसेजही वरूनच.

मोठी भरती आणि जोरदार पाऊस एकाच वेळी आला तर पाणी उतरायला वेळ लागतो. भरतीच्या वेळा महापालिका जाहीर करते. लाल इशारा असेल त्या दिवशी ऑफिसला घरून काम करू देणार का, हे सकाळी सातलाच विचारायचं, दहाला नाही. अंधेरी सबवे पहिल्या मोठ्या सरीतच बंद होतो, म्हणून त्या दिवशी पूर्वेकडून पश्चिमेला रिक्षाने जायचा बेत करू नये. मेट्रो 1 ने पार करायचं.

निशिगंधा

साचलेल्या पाण्यातून चालायची वेळ आली तर काय, हे लिहितेच. उघडं मॅनहोल दिसत नाही, म्हणून मधून न जाता दुकानांच्या कडेने, पुढच्या माणसाच्या मागे. विजेच्या खांबांना हात लावायचा नाही. पायाला जखम असेल आणि पाण्यात पाय गेला तर लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, त्याची गोळी 72 तासांच्या आत घ्यायची असते. ती स्वतःच्या मनाने न घेता महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात दाखवून घे. पाऊस नसतानाच तो दवाखाना कुठे आहे ते बघून ठेव. महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक 1916.

ऑफिसात एक जोडी सँडल आणि कोरडा कपड्यांचा जोड ठेवायचा. पायात बंद बूट नकोत, दिवसभर ओले राहतात.

चेंबूरकाका

ठीक आहे, मावशीचा हट्ट मी मागे घेतो. पण दर रविवारी जेवायला जा हो डोंबिवलीला. आणि लातूर एक्स्प्रेसने येशील तर सोमवारी सकाळी येऊ नकोस.

स्लो_लोकल

हे काकांचं अगदी बरोबर. शुक्रवारी रात्री बसायचं, शनिवारी सकाळी सीएसएमटीला उतरायचं. तिथेच मेट्रो 3 चं स्थानक आहे, सामान घेऊन लोकलमध्ये शिरायची गरज नाही, गाडी न बदलता पाऊण तासाच्या आत मरोळ नाका. मात्र मालकाला 6 तारीख सांग, भाडं 25 दिवसांचं होईल.

मांजराकाठ

घाटकोपरवाल्या काकूंनी डिपॉझिट कमी करायला नकार दिला. मरोळच्या मालकाने मेसेजला "ओके" दिलंय, पण जूनचं भाडं पूर्ण मागतोय, दिवसांप्रमाणे नाही. वीज वेगळी, मीटरप्रमाणे. बहीण उद्या संध्याकाळी बघायला जातेय. जूनच्या भाड्यावरून अजून घासाघीस करू की सोडून देऊ?

पायवाट

बहिणीला आधी जाऊन येऊ दे. तिथे एखादी खाट रिकामी आहे का ते तिला बघायला सांग. जूनच्या सुरुवातीला खाट रिकामी पडून असेल तर मालक पाच दिवसांचे पैसे सोडतो. सगळ्या भरलेल्या असतील तर सोडणार नाही. तेव्हा त्याऐवजी 1 जूनपासून सामान ठेवू द्यायला सांग, किंवा डिपॉझिट जुलैच्या भाड्यात वळतं करून घे. ती काय म्हणते ते इथे लिही, मग आकडा ठरवू.